तीन मिनिटं, कोपरापर्यंत

प्रिय टिल्लू,

सहा फूट उंचीच्या, कानशिलावर पांढरे केस आलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, असं तुझी बायको मला दोनदा सांगून चुकली आहे. पण पत्र माझं आहे आणि शाईही माझी. फोनवर तू विचारतोस, "आई, बरी आहेस ना?" मी म्हणते "बरी आहे", आणि तू फोन ठेवतोस. गेले तीन आठवडे आपण दोघं हवामान खात्यासारखे बोलतो आहोत. म्हणून लिहायला बसले.

मोतीबिंदू काढलेला डोळा उत्तम आहे. डॉक्टरीणबाई स्वतःवरच खूश होत्या. नव्या डोळ्याने घरातली जळमटं दिसायला लागली आहेत, आणि शेजारणीचं वयही. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्याच्या बाराची मिळाली. त्या वेळी तुमच्याकडे न येता दवाखान्याजवळच्या खोलीत बाई ठेवून राहीन, असं मी तुला तोऱ्यात सांगितलं. तू "बरं" म्हणालास. आग्रह केला नाहीस. मला राग आला, आणि मग कळलं की आग्रह करावा असं मी काही केलेलं नाही.

त्या दिवसाबद्दल तू एक अक्षर बोलला नाहीस. मीच बोलते. ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. आपला लंबू दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यात थेंब घालत होता. हात धुऊन यायचा, खालची पापणी एका बोटाने अलगद ओढायचा आणि म्हणायचा, "आजी, वर बघ, छतावर पाल आहे समज." एक थेंब कधी गालावर सांडला नाही. चौतीस वर्षं मी दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं उकळून, वाफवून, बांधून दिली. चांगला हात कसा असतो ते मला कळतं. चौदा वर्षांच्या पोराचा एवढा हलका हात मी पाहिला नव्हता. त्यानेच मला तुमच्या टॅबवर बातम्यांची अक्षरं मोठी करून दिली होती. त्या दुपारी मी बातम्या उघडायला गेले आणि तो बंद करायला विसरला होता तो नागडाउघडा व्हिडिओ समोर आला. एका डोळ्यानेही दिसायचं ते दिसलंच.

मी त्याला हाक मारली. तो बाटली घेऊनच आला, त्याला वाटलं थेंबांची वेळ झाली. मी टॅब त्याच्यासमोर धरला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक. आणि मी म्हणाले, "जा, हात धू. तीन मिनिटं. कोपरापर्यंत."

पोराला काही कळलं नाही, पण तो गेला. बेसिनपाशी उभा राहून कोपरापर्यंत साबण लावत होता, तेवढ्यात तू कामावरून आलास. मी तुला अजून काही सांगितलंही नव्हतं. तू त्याला पाहिलंस, मग मला, मग माझ्या हातातला टॅब. टिल्लू, तुझा तो चेहरा मी याआधी एकदाच पाहिला होता. तू जाऊन नळ बंद केलास, त्याच्या हातावर टॉवेल टाकलास आणि मला फक्त "आई, नको" म्हणालास. त्याला म्हणालास, "तू काही भयंकर केलेलं नाहीस. आपण बोलू, पण आज नाही. आज मीच गोंधळलोय. जा, खेळून ये."

मी संतापले, खोटं कशाला बोलू. खेळून ये म्हणे. आमच्या वेळी खेळ नव्हे, छडी मिळाली असती. संध्याकाळी तू आणि सूनबाई स्वयंपाकघरात दार लोटून बसलात, तेव्हा मी आतून टोमणाही मारला की संमेलन संपलं असेल तर कुणीतरी चहा टाका. दार लोटलं तरी मला ऐकू येत होतं. सूनबाई म्हणत होती, कधीपासून, किती वेळा, का, असे पोलिसी प्रश्न विचारायचे नाहीत. दोघांनी एकच बोलायचं, एकाने रागवायचं आणि दुसऱ्याने कुरवाळायचं असं नको. समोरासमोर बसवायचं नाही, त्याला पळायला जागा हवी. तू म्हणालास, मी शनिवारी त्याच्याबरोबर सायकलचं पंक्चर काढायला बसतो. मी मनात म्हटलं, वा, पोराने दिवे लावले आणि बक्षीस म्हणून पंक्चर.

दुसऱ्या दिवसापासून थेंब सूनबाई घालायला लागली. लंबू माझ्या खोलीकडे फिरकला नाही.

शनिवारी सकाळी मी डोळ्यावर जाळीचं झाकण लावून पडले होते. तुम्हाला वाटलं मी झोपले. खिडकी उघडी होती, आणि तू आणि लंबू तिच्याखालीच सायकल उलटी करून बसला होता. आधी बराच वेळ नुसती साखळीबद्दल बोलणी. मग ट्यूब पाण्यात बुडवलीस आणि बुडबुडा शोधता शोधता, साबणाची बाटली मागावी तशा आवाजात म्हणालास की तू रागावलेला नाहीस. या वयात उत्सुकता वाटणारच, अंगात जे होतं तेही सगळ्यांना होतं, त्याने ना रोग होतो ना अशक्तपणा. पहिल्यांदा कुठे दिसलं, सांगावंसं वाटलं तर सांग. तो म्हणाला की दोन वर्षांपूर्वी शाळेच्या बसमध्ये, एका मोठ्या मुलाच्या फोनवर. तेव्हा तोंड फिरवलं होतं. मग नंतर स्वतःच शोधलं. बारा वर्षांचं पोर, टिल्लू. बसमध्ये. आणि मी त्याच्यापुढे टॅब असा धरला, जणू तो शोध त्यानेच लावला होता.

तू त्याला सांगितलंस की ती माणसं नट आहेत, ते कापून जोडून केलेलं असतं. "सर्कशीतला माणूस दोरीवर एका चाकाने जातो, ते बघून तू सायकल शिकलास का?" तो हसला. त्यात कुणी कुणाला विचारत नाही, तुला चालेल का म्हणून, हेही बोललास. बाईला दुखावलेलं दाखवतात आणि तिला ते आवडतं असंही दाखवतात, ते खोटं आहे. खऱ्या माणसांत विचारावं लागतं आणि नाही म्हटलं की थांबावं लागतं. मग आवाज जरा बदलून विचारलंस, तुझा फोटो कुणी मागितला का, कुणी धमकावतंय का. तो नाही म्हणाला. तू म्हणालास, कधी झालं तर आधी माझ्याकडे यायचं, पैसे नाही द्यायचे, आणखी फोटो नाही पाठवायचे, आलेलं पुसायचं नाही, आणि मी तुझा फोन काढून घेणार नाही. वर्गातल्या मुलीचा तसला फोटो आला तर पुढे ढकलायचा नाही, तो गुन्हा आहे, आणि गुन्ह्याच्या आधी ती एक मुलगी आहे. यापुढे रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, आईबाबांचेही. टॅबवर असलं काही अडवणारी गाळणी बसवतोय, तुला सांगून बसवतोय. तिने सगळं अडत नाही हे मला माहीत आहे, आणि मी चोरून तुझा फोन बघणार नाही. आणि कधी वाटलं की थांबवता येत नाही, झोप जातेय, अभ्यास जातोय, तर सांग. अशा गोष्टींत मदत करणारी माणसं असतात, त्यात लाज नाही. हे सगळं व्हायला पंक्चर चिकटण्याइतका वेळ लागला. पोराने अर्ध्याहून अधिक उत्तरं "हं" अशीच दिली. तू एकदाही "काय हं?" म्हणाला नाहीस. मी म्हणाले असते.

मग त्याने विचारलं, "बाबा, आजीने तुला कधी पकडलं होतं?"

तू "हो" म्हणालास. "मारलं?" "नाही, मारलं नाही." पंप दोन-तीनदा वाजला. मग तू म्हणालास, "घाबरली होती ती."

टिल्लू, मी मारलं नाही हे खरंय. तूही चौदाचाच होतास. जगाच्या नकाशाच्या गुंडाळीतून तसलंच एक मासिक निघालं. मी ते जाळलं, आणि दवाखान्यातला, ऑपरेशनआधी डॉक्टर हात धुतात तो लाल साबण घरी आणला. महिनाभर रोज जेवायच्या आधी मी बेसिनकडे बोट दाखवायची. तीन मिनिटं, कोपरापर्यंत. हत्याराला घाण लागली की ते उकळायचं, एवढंच मला येत होतं. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टरने शरीरशास्त्राच्या पुस्तकातली दोन पानं पिना मारून बंद केली होती. बेडकाचं सगळं माहीत, स्वतःचं काही नाही. पण ती सबब झाली. तुझ्या बाबांनी विचारलं, हा एवढा का धुतो, तर मी तुझ्यादेखत म्हणाले, "त्यालाच विचारा." त्यांनी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी "पुरे झालं आता" म्हणाले, आणि मी ऐकलं नाही. तुझ्या हाताची साल निघाली होती, ती मी पाहिली होती. मलम लावलं नाही.

त्यानंतर तू मला काही सांगितलं नाहीस. शाळेतलं नाही, नोकरीतलं नाही, लग्न ठरलं तेही मावशीकडून कळलं. मी म्हणायची, मुलगे असेच घुमे असतात. आणि तू अजूनही जेवायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतोस, हे मी लोकांना अभिमानाने सांगत आले. माझं वळण म्हणून. तुझ्या लग्नातसुद्धा सांगितलं. तू तिथेच उभा होतास.

घाबरली होती, हे तुला कोणी सांगितलं? मला स्वतःलाच त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. माझा मुलगा हातचा जाईल अशी भीती होती, आणि त्या भीतीपायीच मी त्याला घालवला.

सायकल झाल्यावर तुम्ही आत आलात. दोघांचे हात वंगणाने काळे. लंबू बेसिनकडे वळला आणि माझ्या दाराकडे बघून थबकला. तू जुन्या फडक्याला हात पुसलेस, टेबलावरचा पाव तसाच मोडलास, अर्धा त्याला दिलास, अर्धा स्वतः उभ्यानेच खाल्लास. पावावर तुझी काळी बोटं उमटली होती. इतक्या वर्षांत तुला असं खाताना मी पहिल्यांदा पाहिलं. दोन दिवसांनी मी बॅग भरली. तुम्हाला वाटलं, रागावून गेले. राग नव्हता तो. तुम्हाला तोंड दाखवायला जागा नव्हती.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. बाराला मला तुमच्याकडे यायचं आहे. त्याआधी लंबूला माझं चुकलं हे सांगायचं आहे, पण ते सांगायला गेले तर तो विषय पुन्हा त्याच्या तोंडावर फेकल्यासारखं होईल का, हे मला कळत नाही. या बाबतीत तू माझ्यापेक्षा शहाणा आहेस, तर तूच सांग. फोनवर यायला त्याला लावू नकोस. फक्त एवढं विचार, की दुसऱ्या डोळ्याचे थेंब तो घालेल का. नाही म्हणाला तर तेही बरोबरच आहे, सूनबाई घालेल. हो म्हणाला तर मी वर बघेन, छतावर पाल आहे समजेन, आणि गप्प राहीन. त्याला मी हे केव्हातरी, कसंतरी सांगेन. पण तुला सांगायला इतकी वर्षं उशीर झाला आहे, म्हणून ते आज लिहून ठेवते: तुझे हात स्वच्छ होते, टिल्लू. पहिल्या दिवशीही स्वच्छच होते.

तुझीच,
आई