चोचीतून वाफ

नाशिक
१२ जानेवारी २०२५

चि. सुमेधा हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या घरमालकीण सुनीताताईंच्या नावावर पत्र टाकायचं हे आता माझ्या हाताला वळण पडलंय. फोन करत नाही, काळजी नसावी. तू नवऱ्याचं घर सोडल्यावर नीरजने तुझा मागचा फोन कसा शोधून काढला होता ते मी विसरलेले नाही.

आता तुझी कविता. रागावू नकोस, पण ‘पाण्याकाठी झाडावर पक्षी, शेतात फुलं, थंड वारा’ हे मी पंचवीस वर्षं दर अंकाला वाचतेय. नाव तेवढं बदलतं. अगं, पक्षी म्हणजे कोणता? टिटवी असेल तर ती झाडावर बसतच नाही, जमिनीवरच असते. खंड्या असेल तर तो एका जागी दबा धरून बसेल आणि मग सूर मारेल. नाव लिहिलंस की त्याच्याबरोबर क्रियापद येतं, ऋतू येतो, आवाज येतो. ‘पक्षी’ काहीही करू शकतो, म्हणून तुझ्या कवितेत तो काहीच करत नाही, नुसता उडून जातो. फुलांचंही तेच. कोणत्या रंगाची, कोणत्या पिकाची?

तू देपालपूरच्या कॉलेजात रोज बसने जातेस ना? खिडकीशी बस. दिसेल ते नावासकट लिही. नाव माहीत नसेल तर विचार. लाजू नकोस.

आपल्या त्रैमासिकाचा मार्चचा अंक लागतोय, माझ्या कवितांच्या पानावर एक जागा तुझ्यासाठी अडवून ठेवली आहे. टोपणनाव घाल. तब्येतीला जप आणि मला अशीच भांडायला पत्र लिहीत राहा.

तुझी,
इंदुमावशी


इंदूर
२४ जानेवारी २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझा ओरडा पोचला आणि खरं सांगू, बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी मला कवितेवरून ओरडलं.

खिडकीशी बसले. पहिले दोन दिवस बसमध्ये चढणाऱ्या माणसांकडेच बघत होते. हेल्मेट घातलेला कुणी बसच्या बाजूने गेला की मी डोकं खाली घालते. सुनीताताई म्हणतात की बेटा, इतकी घबराहट ठीक नाही, चेहरा बघ कसा झालाय. त्यांचं खरं आहे, पण भीती काही सांगून येत नाही.

तिसऱ्या दिवशी यशवंत सागर तलावाच्या बाजूला बस पंक्चर झाली. उतरलो. उथळ पाण्यात सारसाची जोडी उभी होती, माणसाएवढी उंच, डोकं आणि मान लाल. त्याने मान वर करून एक हाक दिली, तिने लगेच दोन. मग तो, मग ती. थंडी इतकी की दोघांच्या चोचींतून वाफ निघत होती. शेजारच्या शेतात हरभरा होता, पण फुलं गुलाबी नव्हती, पांढरी होती. विचारलं तर एक काका म्हणाले की हा डॉलर चना, इकडे सगळीकडे हाच लावतात. काठावर बेशरमाची झुडपं जांभळी फुललेली. मी पाच मिनिटं सगळं विसरून उभी होते. भीतीसुद्धा.

सारसाबद्दल मला बरंच ठाऊक आहे, कारण त्या घरात तो सारखा त्याच्या गोंदियाच्या फोटोंबद्दल बोलायचा. महाराष्ट्रात सारस फक्त त्या कोपऱ्यात, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घरटं, दोन अंडी. मला ते तोंडपाठ आहे. प्रत्यक्ष मात्र आत्ताच बघितला. कविता अशी झाली:

डॉलर चण्याला पांढरी फुलं, पौषात.
सारस उभा पाण्यात, जवळ ती.
तो हाक देतो एकदा, ती दोनदा.
दोघांच्या चोचींतून वाफ.
फांदीवरून ते मला बघतात,
काठावर बेशरम, जांभळी.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझी,
सुमेधा


नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

चि. सुमेधास आशीर्वाद.

वा गं वा! ‘पांढरी’ म्हटल्याबरोबर चणा डोळ्यांपुढे आला. ‘एकदा’ आणि ‘दोनदा’ यांत अख्खा संसार आलाय. फक्त एक ओळ खोटी. सारस फांदीवर बसत नाही, बाई. त्याचा मागचा अंगठा उंचावर असतो, फांदी धरता येत नाही. ती फांदी तुझ्या जुन्या कवितेतून चिकटून आलीय. मी ‘पाण्यातून ते मला बघतात’ केलं आणि मजकूर छपाईला दिला.

मिठाई तुझ्याकडे उधार. जपून राहा, हसून राहा.

तुझी,
इंदुमावशी


इंदूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मावशी, ती कविता काढून टाक. पाया पडते.

आज बसमध्ये सहज ओळी मनात म्हणत होते आणि एकदम लक्षात आलं. सारस आणि डॉलर चना एकत्र कुठे सापडणार? महाराष्ट्रात नाही. हे आपल्याला कळत नसेल, पण त्याला कळतं! त्याला रानातल्या फोटोवरून तालुका ओळखता येतो. पक्षिमित्रांत तुमचा अंक फिरतो. पान तुझं, मावशी तू माझी, टोपणनाव काय कामाचं? म्हणजे मी त्याला माझा पत्ताच लिहून पाठवलाय, तोही एकही तपशील न चुकवता.

‘पक्षी’ कर. ‘फुलं’ कर. जुनीच छाप. नाहीतर दुसऱ्या कुणाची छाप. रात्री दाराला पलंग लावून झोपते आहे. लवकर कळव, एवढीच कृपा कर.

तुझी,
सुमेधा


नाशिक
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सुमेधास आशीर्वाद.

आधी श्वास घे. छपाई थांबवली आहे. माझी अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय! नावं लिही, नावं लिही म्हणून तुझ्या मागे लागले आणि नाव म्हणजेच पत्ता हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पण एक सांगायचं टाळत होते. नीरज मागच्या आठवड्यात बाजारात भेटला. फार गोड बोलला. म्हणाला की सुमेधा मध्य प्रदेशात आहे असं कानावर आलंय, खरं का. मी भाजीच्या पिशवीत तोंड घातलं. म्हणजे कविता काढून टाकली तरी तो त्या दिशेला निघालेलाच आहे. म्हणून मी कविता काढत नाही. त्याला दुसरीकडे पाठवते.

सारस ठेवला. डॉलर चण्याच्या जागी धान घातलं. पण नुसतं धान घालून भागेना, कारण पौषात धान शेतात उभं नसतं. मग पौषाचा भाद्रपद केला. भाद्रपद म्हणजे विणीचा काळ, म्हणून घरटं आणि दोन अंडी घातली. एक नाव खोटं लिहिलं तर त्याच्यामागे सगळं रान बदलावं लागतं, हे मला या वयात कळलं. आता पहिली ओळ ‘धानाच्या बांधीत, भाद्रपदात’ अशी झाली आहे. वाचणाऱ्याला सरळ गोंदिया दिसेल. जन्मभर खरं लिहा म्हणून पोरांच्या वह्या लाल केल्या आणि आता हे.

धीर धर. देव आणि मी, दोघे आहोत.

तुझी,
इंदुमावशी


नाशिक
१९ मार्च २०२५

चि. सुमेधास,

आशीर्वाद मागून. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे, मिळाल्याबरोबर वाच.

काल नीरज घरी आला. हातात आपला अंक. चहा घेतला. कविता मला मोठ्याने वाचून दाखवली, आणि फार छान वाचली, मेल्याने. मला वाटलं, आता गोंदिया म्हणेल. तो हसला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, मावशी, भाद्रपदात चोचीतून वाफ?

 सगळं बदललं आणि ती ओळ तशीच राहिली. इतकी सुंदर होती की हात लावावासा वाटला नाही. तो म्हणाला की धान, घरटं, अंडी ही त्याचीच गोष्ट आहे, तिने ऐकलेली. वाफ मात्र तिने स्वतः पाहिली आहे. म्हणजे थंडीत, थंड मुलखात, जिथे सारस आहे. ती गोंदियात नाही, म्हणूनच तुम्ही गोंदिया लिहिलंत. मग म्हणाला की मध्य प्रदेशातल्या माळव्यात पाणथळी मोजक्याच आहेत, एप्रिलच्या सुट्टीत फोटोला जाईन म्हणतो. अंक इथेच ठेवून गेला.

सुमेधा, ते घर सोड. माझ्याकडे नको, इथे तो येतो. कुठेही जा, मला गाव कळवू नकोस. माझ्यामुळे झालं. मला माफ कर किंवा नको करूस, पण निघ.

मावशी


इंदूर
२६ मार्च २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रडू नकोस. वाफेची ओळ माझी होती, मलाही ती आठवली नाही.

तुझं पत्र वाचून मी बॅग काढली. साड्या भरल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा भरल्या.  सुनीताताई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या की आता कुठे जाशील, आणि तिथून पुढे कुठे, अशी कितव्या गावापर्यंत पळशील?  त्यांनी पदर खोचला आणि मला रिक्षात घालून महिला थान्यात, म्हणजे बायकांच्या पोलीस ठाण्यात, घेऊन गेल्या.

मी अर्ज लिहिला. पती खूप त्रास देतात, जिवाला धोका आहे, संरक्षण मिळावं. तिथल्या मॅडमनी वाचला आणि शांतपणे परत केला. म्हणाल्या की बेटा, असे अर्ज रोज येतात, यावर काही करता येत नाही. त्रास म्हणजे काय, कशाने, कुठे, ते लिही.

मावशी, ते मी कधी लिहिलंच नव्हतं. तुलाही मी कधी सांगितलं नव्हतं. तू विचारायचीस तेव्हा ‘त्रास’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. तो शब्द किती सोयीचा होता, त्याच्या आड सगळं झाकलं जायचं. मग लिहायला घेतलं. चामड्याचा पट्टा, पितळी बक्कल. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, डावं मनगट. बाल्कनीची बाहेरून लावलेली कडी, डिसेंबरातली रात्र. दूध उतू गेलं तेव्हाची सांडशी. मध्येच उठले, बाहेर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन लिहिलं. सुनीताताई शेजारी बसून रडत होत्या आणि मला म्हणत होत्या की लिख बेटा, लिख.

मॅडमनी पानं वाचली. या वेळी परत केली नाहीत. मनगटाचा एक्स-रे काढायला पाठवलं, हाड वाकडं जुळलेलं दिसतंय. कोर्टाकडे संरक्षण आदेश मागितला आहे. कॉलेजलाही कळवलं, बसवाल्यालासुद्धा. एप्रिलमध्ये तो इथे आला तर त्याला इथे काय मिळेल ते त्याला अजून माहीत नाही. भीती गेलेली नाही. हे लिहितानाही दारावर कुणी टकटक केली तर पेन पडतं. पण मी जात नाही.

एक काम कर. पुढच्या अंकात कविता पुन्हा छाप. पौष, डॉलर चना, वाफ, जसं होतं तसं. खाली टोपणनाव नको.

आणि अर्जातलं एक सांगायचं राहिलं. मी सगळीकडे ‘तो’ लिहिलं होतं, ‘त्याने’, ‘त्याच्या’. मॅडमनी विचारलं, तो कोण? मावशी, चार वर्षांत हे नाव माझ्या हाताने कागदावर उतरलं नव्हतं. मी प्रत्येक ‘तो’ खोडला आणि लिहिलं, नीरज दिनानाथ पाटणकर.

तुझ्या प्रेमाची भुकेली,
सुमेधा