खो मिळायच्या आधी उठणारी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा तुमच्यावरचा संशय काही जात नाही. खो-खोच्या संघातून तुम्ही मला काढलंत आणि परत घेतलंत. ते परत घेणं माझ्या खेळामुळे होतं की दुसऱ्याच कशामुळे, एवढंच मला विचारायचंय. आता मी शहापूरकडच्या एका शाळेत खेळ शिकवते. परवा एका पोरीला संघातून काढलं, का काढलं आणि परत कसं येता येईल ते तुमच्यासारखंच कागदावर लिहून दिलं. तिनं कागद वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, की म्हटलं, बाई, ही नजर ओळखीची आहे.

मुरबाडला तालुक्याचे सामने होते. फळ्यावर बाराजणींची नावं लागली, त्यात माझं नाही. माझ्या जागी संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी! आता सांगा, संशय येणार नाही तर काय? त्यात तुम्ही मला बंद पाकिटात पत्र दिलंत. बाकी कुणाला काढलं की तुम्ही मैदानावरच सांगून मोकळे व्हायचात. वडील कल्याणहून कामावरनं आले, त्यांनी पत्र उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "आसं लेखी कोन देतं गो? काळंबेरं आसल्याबिगर नाय. बुद्धवाड्यातली पोर हाय, गप बसंल, आसं वाटलं त्यास्नी."

पत्र मात्र साफ होतं. "तुझा वेग संघात पहिला आहे, तुला काढलंय ते वेगामुळे नाही. चौकोनात बसल्यावर मागून पावलं ऐकू आली की तू अंदाजानं उठतेस. पाठीला हात लागून 'खो' ऐकू येण्याआधी उठलं की फाऊल. मग शिट्टी होते, पुढची पळणारी हाताशी आलेली असली तरी सोडून उलट्या दिशेला पळावं लागतं, आणि बाकीच्या आठजणींची मेहनत पाण्यात जाते. तुझी जागा गेलेली नाही. रोज प्रार्थनेआधी मैदानावर ये, दुसऱ्या संघात डोळे मिटून बस. शनिवारी निवड सामना घेईन. दोन्ही डावांत एकदाही आधी उठली नाहीस तर तुझं नाव परत लागेल. पंच मी नसेन, बाहेरचे सर बोलावीन." शेवटचं वाक्य वाचून मला वाटलं, म्हणजे पंचही ह्यांच्याच ओळखीचा.

तरी मी गेले. डोळे मिटून बसते, मागे पावलं धडधडतात, मी उठते, आणि तुम्ही ओरडता, "कुणी दिला गं तुला खो? बस खाली!" मागून पाय आपटणारी ती पुतणीच असायची. मुद्दाम करते म्हणून एकदा तिची वेणी धरली, तर ती रडत म्हणाली, "सरांनीच सांगितलंय गो, हिला फसव म्हणून!" मला दोघांचाही राग आला. पण हळूहळू पाठ शिकली. कान काहीही सांगू देत, हात लागेपर्यंत बूड हलवायचं नाही.

शनिवारी पहिला डाव निर्मळ गेला. दुसऱ्या डावात शेवटी शेवटी मागून ती पुतणी आली आणि मी उठले. हात आधी लागला की मी आधी उठले, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येत नाही. पंचांनी शिट्टी ओठांना लावली आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली मातीकडे बघत होतात. शिट्टी वाजलीच नाही. सोमवारी फळ्यावर माझं नाव होतं. मुरबाडला मी एकही फाऊल केला नाही, आणि त्याचा केवढा तोरा मिरवला मी!

तुम्ही गेल्याची बातमी आली त्या दिवशी आई भाकऱ्या थापता थापता बोलून गेली, "भला मानूस. तुला काढलं तवा तुजा बाप शुक्रवारी शालंत जाऊन केवढा तंडला, तरी कधी मनात नाय धरलं त्यांनी." शुक्रवारी, म्हणजे निवडीच्या आदल्या दिवशी. वडील तुमचंच पत्र खिशात घालून गेले होते म्हणे. मग ते मातीकडे बघणं कशासाठी होतं, सर? हात आधी लागलेला तुम्हाला दिसला होता, की वडिलांची तक्रार नको होती? की पोरीनं एवढे दिवस घाम गाळलाय, जाऊ दे, म्हणालात? तिन्हीपैकी मला एकच चालतं. बाकी दोन्हींची चीड येते.

आता माझी ती पोर शनिवारी चौकोनात बसणार आहे. बाहेरचे पंच बोलावलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तर मी कुठे बघू, तेही कळत नाही.

हे पत्र कुठे टाकणार मी? खरं सांगू का, विचारायला माणूस घरातच आहे. वडील ओटीवर बसलेत, कान थोडे कमी झालेत, पण त्या शुक्रवारी तुम्ही काय उत्तर दिलंत ते त्यांना शब्दन्‌शब्द आठवत असेल, आणि ते खोटं बोलत नाहीत. म्हणून तर मी तुम्हाला विचारते आहे.