पाहुणे येणार आहेत

कर्वेनगर, पुणे
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. उत्कर्षा,
सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हा कागद. बाबांची शुगर ताब्यात आहे, जीभ मात्र नाही. काल पुन्हा फ्रीजमागे पेढे सापडले. तू बंगळुरूत वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते.

आज तुझी आई जिंकली! कशी, ते ऐक.

ललिताबाईंच्या ३०२ मध्ये जूनपासून आसेनला नावाची नर्स भाड्याने राहते. नागालँडची. सोसायटीने तिच्याकडून पोलिस पडताळणीचे कागद दोनदा मागितले. ३०१ मधला सौरभही भाडेकरूच, पण त्याच्याकडून एकदाही नाही. आज सभेपुढे ठराव होता की तिने महिनाअखेर घर सोडावं. पोरगी आठवडाभर खोकी गोळा करत होती.

आपल्याकडे इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' लिहून मोकळं व्हायची पद्धत. मी सेक्रेटरी. म्हटलं, ललिताबाईंनी प्रत मागितली आहे, तेव्हा या वेळी कारणंही लिहीन, आणि ज्याचं कारण त्याची खाली सही. पुणेकर पाटीवर काय वाटेल ते लिहील, पण सही मागितली की चष्मा शोधायला लागतो.

सुदर्शनराव उठले. "लिहा की! बाहेरची माणसं वाढली की सोसायटी आपली राहत नाही. बिहारी काय, तमिळ काय, परदेशी काय, परका तो परका."

"तिने काही केलं का?"

"केलं नाही हो. पण आपली नाही ना!"

मी लिहिलं, 'परक्यांचा द्वेष'. ते भडकले. मग विचारलं, "भीती लिहू का?" तीही त्यांना नको होती.

चेतन म्हणाला, "काकू, माझं तसं नाही. माझा बिझनेस पार्टनर तमिळच आहे. पण ही चिनी चेहऱ्याची माणसं वेगळीच. यांच्या रक्तातच ढिलेपणा असतो."

"म्हणजे तुझा आक्षेप तिच्या गावाला नाही, चेहऱ्याला आहे. चेहरा बघून रक्ताची लायकी ठरवायची, याला वंशवाद म्हणतात. कर सही."

तो मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागला.

मग मी माझं कारण वाचलं. ते सगळ्यांच्या आधीच लिहून आणलं होतं. 'आसेनलाला पाहण्याआधीच मी ठरवलं की जिन्यात वास सुटणार आणि घरात दारूच्या पार्ट्या होणार. हा माझा पूर्वग्रह. तो डोक्यात होता, तोवर तिचं काही बिघडलं नव्हतं. पण त्यापायी मी कागद दुसऱ्यांदा मागितले आणि तिला ड्युटी बुडवून चौकीत बसावं लागलं. हा भेदभाव. दुसऱ्या पत्रावर सही माझी आहे.' खाली सही ठोकली आणि पेन पुढे सरकवलं.

बावीस सभासद, एक पेन. कोणी हात लावेना. शेवटी सुदर्शनरावच खाकरले, "ठराव मागे घ्या. आणि चहा सांगा." चेतन म्हणाला, त्याचं वाक्य खोडा. म्हटलं, इतिवृत्तात खोडत नाहीत, मागे घेतलंस असं लिहिते. ललिताबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग दारात उभं राहून ऐकणाऱ्या सौरभने, मग बऱ्याच जणांनी. मी वर जाऊन आसेनलाची माफी मागितली. ती लगेच विरघळली वगैरे नाही. "रिकामी खोकी खाली नेऊन ठेवू का, आंटी?" एवढंच म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून ठेवली.

आता जे लिहायला दोन वर्षं लागली, ते.

१९९३ साली बाबा आणि मी नागपूरहून आलो. कसबा पेठेत खोली पसंत पडली, बोलणं झालं. मग मालकिणीने आडनाव विचारलं. मी 'गजभिये' म्हटलं. त्यांचा चेहरा गोडच राहिला. म्हणाल्या, "अगंबाई, विसरलेच, पाहुणे येणार आहेत आमच्याकडे." जिना उतरताना मी बाबांचा हात इतका दाबला की नखं उमटली.

आणि दोन वर्षांपूर्वी तू तुझ्या मैत्रिणीला, मिझोरमच्या रिनपुईला, सहा महिने आपल्या मागच्या खोलीत ठेवायचं म्हणालीस, ती दारात उभी होती, तेव्हा मी काय म्हटलं? तेच. शब्दही तेच, गोडवाही तोच. तुला ते खोटं कळलं. ते कुठून आलं, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, पोरी. अजून वाटते.

आज संध्याकाळी बाबांनी आणि मी मागची खोली झाडली. पलंगावर नवी चादर घातली आहे. रिनपुईला वेगळं पत्र लिहिलं आहे, पत्ता तेवढा तू दे. येईल न येईल, तिची मर्जी. तू मात्र तिला विचार, आणि स्वतःही ये.

या वेळी शेजारी कोणी विचारलं, तर खरं सांगेन. पाहुणे येणार आहेत.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी आई
सत्यशीला गजभिये