‘दासीपुत्रा!’ला कोणी हसू नये म्हणून

६ जानेवारी, सोमवार
हसले! सगळे हसले! मी लिहिलेल्या नाटकात राजा भर सभेत म्हाताऱ्या अमात्याला ‘दासीपुत्रा!’ म्हणतो, तिथे अंगावर काटा यायला हवा. राजा झालेल्या यशवर्धनने वाक्य टाकलं आणि तालीम बघणारी पलक खुर्चीतून घसरली. मग यशवर्धनही. फक्त गजाननकाका अमात्याच्या जागी ताठ उभे. सत्तरी गाठलीय, पण तालमीला मल्हारगंजातून पायी येतात, तेही सगळ्यांच्या आधी.

मंडळाचे सेक्रेटरी नीरज म्हणाले, “शैलजाताई, पब्लिक भी हसेल. स्पर्धा आहे. रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर सीन काटून टाकू.”
काटून टाकू म्हणे! तो प्रसंग काढला तर उरतं काय? वेशभूषा!

८ जानेवारी, बुधवार
आज अर्थ समजावला. कॉलेजात तीस वर्षं संस्कृत शिकवल्याचा माज. दासीचा मुलगा, म्हणजे— पलकने हात वर केला. “तो क्या हुआ मॅम? आमच्याकडे काम करतात त्या दीदीचा मुलगा बँकेत आहे. यात इन्सल्ट कुठे आहे?”

पोरीने मुद्द्यालाच हात घातला. ज्या भीतीवर ती शिवी उभी होती, ती भीतीच तिच्या मनात नाही. उरतो तो नुसता टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतला भारदस्त आवाज, त्याला ती हसते. वाईट वाटायचं की आनंद मानायचा? मला तरी तिचं कौतुकच वाटलं.

९ जानेवारी, गुरुवार
शब्दकोशात डंख नसतो. झोप नाही.

१० जानेवारी, शुक्रवार
पुन्हा जुनी संस्कृत नाटकं काढून बसले. गंमत अशी की तिथेही विदूषक हीच शिवी ऊठसूट देतो, पहाटे झोपमोड करणाऱ्या पारध्यांनासुद्धा! तेव्हाही लोक हसतच असणार. म्हणजे डंख शब्दात नाही. कोण, कोणाला, कोणासमोर म्हणतो त्यात आहे.

त्या नाटकांत हाक म्हणजे माणसाची जागा. बायको नवऱ्याला ‘आर्यपुत्र’ म्हणते, सारथी राजाला ‘आयुष्मन्’, विदूषक त्यालाच ‘वयस्य’, म्हणजे मित्रा. राजाही अमात्याला ‘आर्य’ म्हणतो. तालमीत हे सांगितलं. म्हटलं, सभेत माणूस उभा राहतो तो अमक्याचा पुत्र म्हणून. ‘दासीपुत्र’ म्हणजे तुला बापाचं नावच नाही, मग वाटा नाही, आसन नाही, सभेत बोलायचा हक्क नाही. शिवी आईवरून, पण पुसलं जातं ते बापाचं नाव.

मुलांनी माना डोलावल्या. सीन केला. पुन्हा हसले! काका कोपऱ्यात चहा पीत ऐकत होते.

१२ जानेवारी, रविवार
आज नीरज निकाल द्यायला आलेले. सुरू करायच्या आधी काका यशवर्धनला म्हणाले, “बेटा, एक काम कर. ते संस्कृत सोड. मला म्हण, ‘ए गज्या, खुर्ची उचल.’ सगळ्यांसमोर.”
“काकाजी, नाही होणार माझ्याकडून.”
“म्हण तर.”

म्हणाला एकदाचा. काकांनी मान खाली घालून खुर्ची उचलली, भिंतीशी नेऊन ठेवली. पलक रडवेली झाली. यशवर्धन तर पायाच पडायला निघाला, काकांनी धरला. “अब समझा? यात गाली कुठे होती? फक्त ‘काका’ काढून घेतलं.”

मी दोन दिवस बडबडले ते या माणसाने एका खुर्चीत दाखवलं. काय माणूस आहे!

लगेच संहिता बदलली. आधीच्या प्रवेशांत राजाच्या तोंडी तीन वेळा ‘आर्य’ घातलं, अगदी प्रेमाने. चौथ्या वेळी ‘दासीपुत्रा’. ओरडून नाही, हळू. कोणी हसलं नाही. नीरज म्हणाले, “राहू द्या ताई.”

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. काकांनी सगळ्यांना तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाले, आणि आम्ही दोन तास शिवीची तालीम केली!

१९ जानेवारी, रविवार
प्रयोग झाला. ‘दासीपुत्रा’ला तीनशे माणसं गप्प. काकांनी काहीच केलं नाही, फक्त उपरणं सावरलं आणि आसनावरून उठले. मागच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. मी विंगेत उभ्या उभ्या रडले. असा नट मी पाहिला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
काकांना अभिनयाचं पहिलं! प्रमाणपत्रासाठी पूर्ण नाव हवं होतं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. काकांनी कागद भरून दिला. स्वतःचं नाव गजानन. वडिलांच्या रकान्यात सखुबाई. आडनावाची जागा कोरी.
“आई,” म्हणाले. “एका सरदारांच्या घरी भांडी घासायची. त्या घरात मी गज्या होतो.”
आणि मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ समजावत होते!