पोट्टीचं आठवं वर्ष

बाबा, तुम्हाला सांगायची गोष्ट अशी की माझ्या हातून आपल्या चित्रपट्टीत तारीख पडली. चौथ्या चौकटीत, उजव्या हाताला खाली, धानाच्या ढोलीवर. दिवस, महिना, साल, सगळं. तुम्ही असतात तर आधी कपाळाला हात लावला असता आणि मग विचारलं असतं, रेघ तरी सरळ आली का. रेघ सरळ होती. अक्षरही चांगलं होतं, म्हणूनच सगळ्यांना वाचता आलं.

हे घडलं कसं, ते समजण्यासारखं आहे. मी आता चांद्याला एका कोळसा खाणीच्या नकाशा विभागात काम करते. दिवसभर कापडावर शाईने नकाशे गिरवायचे आणि गिरवून झाले की उजव्या कोपऱ्यात तारीख घालायची. तारखेशिवाय नकाशा साहेबांच्या टेबलावर गेला की तो तसाच परत येतो, कारण जमिनीखालचा बोगदा रोज पुढे सरकतो आणि कालचा नकाशा आज खोटा असतो. त्यामुळे हाताला वळण पडलंय. त्या रविवारी पट्टी संपवली, पेन पुसायच्या आधी हात आपणहून कोपऱ्यात गेला, आणि माझं लक्ष आईच्या घरून चांद्याला परतायच्या संध्याकाळच्या गाडीकडे होतं.

तुम्हाला पट्टी सुरू झाली तो दिवस आठवत असेल. मला स्वयंपाकघर आठवतं. आरमोरीच्या त्या घरात उजेड फक्त स्वयंपाकघराच्या दारातून येई, म्हणून शाळेत शिकवून आलात की तुम्ही पाट घेऊन तिथेच बसायचे. शाईची बाटली मिठाच्या भांड्याशेजारी. आई म्हणायची, "एक दिवस वरणात शाई पडन, मंग मले म्हणू नका." एक दिवस पडली. तुम्ही ते वरण बिनतक्रार जेवलात आणि चांद्याच्या साप्ताहिकाला चार चौकटींची पहिली पट्टी पाठवली: पोट्टी, तिचा बाप, आजी, बकरी आणि काळं वरण. नावं कुणालाच नव्हती. पोट्टी आठ वर्षांची होती, कारण मी आठ वर्षांची होते. बाप पस्तिशीचा, कारण तुम्ही होतात. आजी आणि बकरी तुम्ही कुठून आणलीत ते मला माहीत नाही. आपल्याकडे दोन्ही नव्हत्या.

पुढच्या वर्षी मी नऊ वर्षांची झाले आणि पोट्टी झाली नाही. मला ती तुमची चूक वाटली. मी वर्षभराचे अंक काढून, प्रत्येक पट्टीतली पोट्टी दाराच्या चौकटीशी मोजली आणि तुम्हाला सांगितलं की ती तसूभरही वाढलेली नाही. तुम्ही रागावलात. तुम्ही क्वचित रागवायचे, म्हणून ते वाक्य शब्दाला शब्द लक्षात आहे: "जे मोजाचं ते मोज. पोट्टीले मोजू नको." मी म्हटलं, "पण तिला गेल्या वर्षीचा तान्हा पोळा आठवतो. तेव्हाही ती आठचीच होती. मग गेल्या वर्षी ती किती वर्षांची होती?"

तेव्हा तुम्ही आईच्या किराणाच्या पुडक्याची सुतळी सोडली आणि आठ विती तोडून घेतली. हे पोट्टीचं आयुष्य, म्हणालात, एवढंच, याच्याहून लांब होणार नाही. एक टोक तिचा जन्म, दुसरं टोक आज. मग गाठी मारल्या. ही बकरी आणली ती, ही काळ्या वरणाची, ही पोळ्याला लाकडी बैलाचं शिंग मोडलं ती. नवी गाठ नेहमी आजच्या टोकाला. जागा पुरेनाशी झाली की जुन्या गाठी बोटांनी जन्माच्या बाजूला सरकवायच्या आणि जवळजवळ आणायच्या. "गाठींचा क्रम मोडाचा नाई. बकरी वरणाच्या आधी, म्हणजे कायम आधी. अंतराची हमी नाई. म्हणून पोट्टीनं 'मागे एकदा' म्हणाचं, 'तीन सालाआधी' म्हणाचं नाई." आईने चुलीपासून विचारलं की आता पुडकं कशाने बांधायचं. त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमची लाकडी मोजपट्टी दिलीत. मी तिनेच आज खाणीचे नकाशे तपासते.

मी पंधरा वर्षांची असताना तुम्ही गेलात. पेन्सिलीने अर्ध्या काढलेल्या पट्ट्या ट्रंकेत होत्या, त्या मी शाईने पुऱ्या करून पाठवल्या. त्या संपल्यावर माझ्या पाठवल्या. पट्टीवर सही नव्हतीच. संपादकांना वर्षभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा म्हणाले, "मले वाटलंच होतं. मास्तरांची रेघ यकायक सुधारली." हे तुम्हाला सांगावं की नाही याचा मी विचार केला. सांगितलं.

तुमचे नियम मी पाळले. पट्टीत कोणी मरत नाही, कोणाचं लग्न होत नाही. तुम्ही स्वतः एकदाच नियम मोडलात आणि पोट्टीला भाऊ आणलात, त्याचा त्रास मी अजून काढते आहे. पाळण्यातलं बाळ दोन वर्षं पाळण्यात ठेवलं तर वाचक विचारतात बाळ आजारी आहे का. म्हणून त्याला रांगायला लावलं आणि तिथेच थांबवलं. ते चाललं की बोलेल, बोललं की शाळेत जाईल, आणि एक दिवस ताईच्या वर्गात येऊन बसेल.

जग मात्र थांबत नाही. सुरुवातीला पोट्टीने बकरीच्या गळ्यात भोकाचा पैसा बांधला होता. तो अजून आहे, आणि आता तीच पोट्टी दुकानात नवा पैसा देते. आठ वर्षांच्या मुलीने मध्य प्रांत, मध्य प्रदेश आणि मुंबई राज्य अशा तीन सरकारांखाली दिवस काढले आहेत, अंगणाबाहेर न जाता. यावर उपाय एकच, एका पट्टीत दोन काळ शेजारी ठेवायचे नाहीत. मोठ्यांच्या आठवणी अधिक अवघड. तुमच्या पट्टीतला बाप सुरुवातीला म्हणायचा, "नागभीडले रेल्वे आली तवा मी लंगोटीत होतो." तेव्हा ते बरोबर होतं. आता पस्तिशीचा माणूस ते म्हणाला तर खोटा ठरतो, रेल्वे त्याच्या जन्माआधीच येऊन बसली. म्हणून ती आठवण मी वरच्या पिढीला दिली. आता आजी म्हणते, "नवी सून होती मी, रेल्वे पाहाले गेली तं डोक्यावरचा पदर उडाला." पुढे आजीलाही ती पेलणार नाही. मग गाडीच बदलावी लागेल.

हे सगळं तारखेवाचून चालत होतं. अंकाच्या माथ्यावर दर आठवड्याला तारीख असतेच, पण ती वाचकांची. चौकटीच्या आतली तारीख पोट्टीची होते. ती एकदा पडली आणि लोक मोजायला बसले.

पहिली भेटली आरमोरीच्या बाजारातली मासेवाली, जी आईला झिंगे देते आणि पानवाल्याकडून पट्टी वाचून घेते. तिने मला पिशवी धरायलाही दिली नाही. "काऊन बाई, पोट्टीले घरात बसवून कवापर्यंत ठेवता? तिनं सायबाचं राज पाह्यलं, झेंडा पाह्यला, आता हे साल. मोजलं आम्ही. बाविशीची घोडी झाली थे!" मी बावीस वर्षांची आहे, बाबा. मी म्हटलं, झिंगे द्या.

मग साप्ताहिकाच्या कचेरीत पोट्टीला स्थळं येऊ लागली. नागभीडकडचा एक मुलगा मॅट्रिक, घरी धानाची शेती, अट एवढीच की बकरी बरोबर येणार नाही. एकाने विचारलं, आजी इतक्या वर्षांची झाली तर अजून कशी आहे, आणि नसेल तर तेरावं छापलं का नाही.

संपादकांनी मला बोलावलं. ते छपाईच्या खिळ्यांच्या पेटीवर बसून पान चघळत होते.

"पाह्य बाई, तारीख छापून गेली. लोक कचेरीत येऊन राह्यले. एकतर पोट्टीचं लगन लाव, झोकात, पूर्ण पानभर. नाईतं पट्टी बंद."

"भूलसुधार छापा," मी म्हटलं.

"आपण भूलसुधार छापला तं लोक बाकीचा पेपरबी वाचतीन ना बारकाईनं!"

मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. पोट्टी मोठी झाली तर बाळ चालणार, बकरी कधीच मेलेली असणार, आजीचं वय मी त्यांना सांगू नये हे बरं. आणि बाप एकोणपन्नासचा. इथे मी थांबले. तुम्ही बेचाळीसचे होऊन गेलात. पट्टीतल्या बापाने ते वर्ष ओलांडायचं तर ओलांडलेला तो कसा दिसतो हे मला काढता यायला हवं, आणि माझ्याकडे नमुना नाही. केस किती जातात, खांदा कुठून उतरतो, काही माहीत नाही. आणि नाही ओलांडलं तर काय होतं ते माहीत आहे. तेही मी काढणार नव्हते.

संपादकांना मी एवढंच सांगितलं की तांत्रिक अडचण आहे. ते म्हणाले, "अंक शुक्रवारी निघते."

पट्टी मी खाणीच्या कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत काढली. पहिल्या चौकटीत आजी ढोलीसमोर उभी: "हे कोनं लिवलं व?" दुसरीत पोट्टी: "मीनं. शाळेतल्या फळ्यावर होती थे तारीख लिवली." बाप वाकून पाहतो: "मंग आज थेच तारीख हाये का?" तिसरीत पोट्टी: "थे मले काय माहीत? मास्तर गेले तवापासून फळ्यावर थेच हाये. दुसरं कोणी पुसत नाई." चौथीत बकरीने ढोलीवरचा खडू चाटून साफ केलेला, आणि बाप म्हणतो, "चाला, जेवाले बसा."

कोपऱ्यात काही लिहिलं नाही. पेन आधी पुसून डब्यात ठेवलं.

संपादक हसले, मग तिसरी चौकट पुन्हा वाचली, मग म्हणाले चालते. नागभीडच्या मुलाने दुसरीकडे जमवलं असं कळलं. पोट्टी आठ वर्षांची आहे. बाप पस्तिशीचा आहे. अजून तेरा वर्षांनी मी त्याच्या वयाची होईन, तेव्हा काय करायचं ते तेव्हा पाहू. सुतळीत जागा करता येते.

हे पाठवायचं कुठे हा प्रश्न आहेच, म्हणून कागद तुमच्या ट्रंकेत ठेवते आहे. एक राहिलं. गेल्या बाजारी मासेवालीने मला पुन्हा अडवलं. लग्नाचं नाव काढलं नाही. झिंगे तोलता तोलता म्हणाली, "काऊन बाई, थो फळ्याचा मास्तर कुठी गेला? कवा येते परत?"

मी न मोजलेली गोष्ट सहसा बोलत नाही. तिला म्हटलं, "येतील, पुढच्या आठवड्यात."