बाईंना पाठवलेला मेसेज

मंगळवार, ४ मार्च
बाई सापडल्या! दहावीच्या वर्गाचा जुना फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकलाय, त्याखाली एकच शब्द – "छान". प्रोफाइलला फोटो म्हणून फूल, पण नाव त्यांचंच. छत्तीस वर्षं झाली.

बुधवार, ५ मार्च
दुपारी लॅबमध्ये स्लाइड सुकेपर्यंत मेसेज लिहिला. तीनदा खोडला. शेवटी पाठवलाच –
"बाई, तुम्ही मला शास्त्र शिकवायचात. नववीत बाबांनी मला बटणांच्या कारखान्यात लावायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही घरी आलात. 'दहावीपर्यंत थांबा, मग मी एक शब्द बोलणार नाही,' म्हणालात. बाबांनी तुमचं ऐकलं. आता ते नाहीत. मी रक्त तपासते, रोज मायक्रोस्कोपला डोळा लावते, ते तुमच्यामुळे. त्या दिवशी माझ्या बाजूनं फक्त तुम्ही बोललात. आई पाठ करून भांडी घासत राहिली."
शेवटची वाक्यं कशाला लिहिली? पण खरंच होती ती.

शनिवार, ८ मार्च
काहीच नाही. भाची म्हणते, "आत्या, तू त्यांच्या फ्रेंडलिस्टमध्ये नाहीस ना! मेसेज रिक्वेस्टमध्ये पडला असेल. त्यांनी स्वीकारेपर्यंत वाचला की नाही तेही दिसणार नाही." मग वर्गाच्या फोटोखाली लिहिलं – बाई, मेसेज रिक्वेस्ट बघाल का?

सोमवार, १० मार्च
मेसेजखाली ते इवलंसं फूल उमटलं. म्हणजे वाचला!

गुरुवार, १३ मार्च
वाचला आणि गप्प. दोनदा टाइप करत असल्याचे तीन ठिपके हलले, थांबले. काय चुकलं माझं? आठवतच नसेन का मी त्यांना? आज एका पेशंटचा नमुना दोनदा तपासला, लक्षच लागेना. मेसेज अनसेंड करावा म्हटलं. पण वाचलेलं कसं परत घेणार!

मंगळवार, १८ मार्च
उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते –
"तू चांगली आठवतेस. पण हे आभार माझे नाहीत. मी आपणहून आले नव्हते. तुझी आई तीन दिवस शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी बोलली. काय बोलायचं तेही तिनंच सांगितलं – दहावीपर्यंत थांबा म्हणा, तेवढं ते ऐकतील. आणि म्हणाली, 'माझं नाव घेऊ नका, नाहीतर मला घरात राहू देणार नाहीत.' मी शब्द दिला होता. वडील गेल्याचं तू लिहिलंस, तरी मोडावा की नाही, ठरत नव्हतं. पण ते भांड्यांचं वाक्य वाचून राहवेना."
मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.
दोन वर्षं आईशी बोलले नाहीये. शेवटच्या भांडणात हेच तोंडावर फेकलं होतं – "तू कधी उभी राहिलीस माझ्यासाठी?" तेव्हाही ती पाठ करून भांडी घासायला वळली.

बुधवार, १९ मार्च
रजा टाकून भावाकडे गेले, आई तिथंच असते. दार आईनंच उघडलं. "बाईंनी सगळं सांगितलं," एवढंच म्हणाले.
ती घाबरून मागे, भिंतीवरच्या बाबांच्या हार घातलेल्या फोटोकडे वळून पाहत हळूच म्हणाली, "बाबांना कळलं नाही ना?"