एकशेचार जिंकलेल्या पैजा

४ मार्च

ती. अक्कास सा. न.

गुडघा कसा आहे? एक कबुली द्यायची आहे, रागावू नकोस. वर्षभरात मी कबड्डी आणि क्रिकेटवर दोनशे पैजा लावल्या, प्रत्येकी हजाराची. ही गेल्यापासून संध्याकाळी वाट पाहायला घरात कुणी उरलं नाही. सामना असला की निकालाची तरी वाट पाहता येते.

मास्तरकीची खोड जात नाही, त्यामुळे प्रत्येक पैज वहीत आहे. कबड्डीच्या ऐंशी, जिंकलो शेहेचाळीस. भाव १.७०, म्हणजे हजारावर सतराशे हातात. क्रिकेटच्या एकशेवीस, जिंकलो अठ्ठावन्न, भाव १.८५. हातात आले एक लाख पंच्याऐंशी हजार पाचशे, हरलो शहाण्णव हजार. नफा साडेएकोणनव्वद हजार! आता जरा मोठं लावीन म्हणतो. बाबांची ठेव मोडायला दोघांच्या सह्या लागतात, फॉर्म सोबत आहे.

कबड्डी लागली की अंगण आठवतं. चढाईत माझा दम तुटला तरी तू पंच झालेल्या बाबांना सांगायची नाहीस.

तुझ्या लोभातला,
बाळू

११ मार्च

चि. बाळूस अ. आ.

गुडघा कुरकुरतो, पण डोकं शाबूत आहे. फॉर्मवर सही करून पाठवतेय. ठेव तुझीही आहे, अडवणारी मी कोण? म्हातारपणी दोघांना तेवढाच आधार, एवढं मात्र ध्यानात ठेव.

पण गणिताचे मास्तर, सतराशेत तुमचेच हजार परत आलेले असतात! जिंकलास तेव्हा लावलेले हजार वहीत कुठे आहेत? एकशेचार वेळा ते गाळलेस. दोनशे पैजांचे दोन लाख गेले, एक लाख पंच्याऐंशी हजार पाचशे आले. निम्म्याहून जास्त जिंकूनही साडेचौदा हजारांनी बुडालास, कारण भाव दोनच्या खाली. एखाद्या पोराने असं गणित सोडवलं असतं तर तू त्याला बाकावर उभं केलं असतंस.

तुझं हसणं आठवलं की मला अजून बरं वाटतं. आता तूच ठरव.

माया आहेच,
अक्का

१९ मार्च

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खरं सांगतो, एकतिसाव्या पैजेलाच चूक लक्षात आली होती. पान उलटलं आणि तसंच लिहीत राहिलो. खरी बेरीज केली असती तर पैजा सोडाव्या लागल्या असत्या, आणि संध्याकाळ पुन्हा रिकामी झाली असती. तिची मला भीती वाटत होती, अक्का.

काल बेरीज लाल शाईने लिहिली आणि खाली सही केली. बुकीला यापुढे माझं नाव लिहू नकोस म्हणून सांगितलं, तो बापडा चहा पाजायला लागला. तुझी सही असलेला फॉर्म परत पाठवतोय. माझी जागा कोरीच आहे.

आज संध्याकाळी कबड्डीचा सामना होता. एक पैसाही न लावता पाहिला. शेवटच्या चढाईला उठून उभा राहिलो आणि एवढा ओरडलो, की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. कुठल्या संघासाठी ओरडलो, ते मलाच माहीत नाही.

पुढच्या रविवारी मुक्कामाला येतो. असाच लोभ असू दे.

तुझा,
बाळू